तारांकन लावून सुटका होत नाही: आरोग्य आणि पैशांच्या व्हिडिओतले दावे आणि पडद्यावरचा मजकूर कसा तपासावा

आरोग्याच्या किंवा गुंतवणुकीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला येते तेव्हा सोबत बहुतेक वेळा एकच विनंती असते: "शेवटी कोणता डिस्क्लेमर टाकायचा तेवढा सांगा." मी तो भाग सर्वांत शेवटी बघते. डिस्क्लेमरमुळे बरोबर दाव्याची मर्यादा स्पष्ट होते, पण चुकीचा दावा त्याने बरोबर होत नाही. "हा वैद्यकीय सल्ला नाही" असं शेवटच्या तीन सेकंदांत लिहून आधीच्या सात मिनिटांत सरळसरळ सल्ला दिलेला असेल, तर प्रेक्षक ती सात मिनिटं लक्षात ठेवतो.

अमेरिकेत जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनलाही हाच अनुभव आला. एखाद्याचं भरपूर वजन कमी झाल्याची गोष्ट दाखवायची आणि खाली बारीक अक्षरांत "असे परिणाम सर्वांना मिळतीलच असं नाही" लिहायचं, ही पळवाट तिथे वर्षानुवर्षं चालली. २००९ साली त्यांनी मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ही पळवाट बंद केली. तेव्हापासून अपेक्षा अशी की अपवादात्मक उदाहरण दाखवायचं असेल, तर सर्वसाधारण माणसाला काय मिळतं तेही स्पष्ट सांगायचं. पळवाटेच्या जागी माहिती द्यायची, एवढाच हा बदल. मी स्क्रिप्ट तपासते तेव्हा पहिल्या ओळीपासून हेच तत्त्व लावते.

पहिली पायरी: दावे शोधून खुणा करा

"हे खरं आहे का?" असा प्रश्न ज्या वाक्याला विचारता येतो, ते वाक्य म्हणजे दावा. अशा प्रत्येक वाक्यावर खूण करा. प्रश्नाच्या रूपातली वाक्यं, थंबनेल, शीर्षक, आलेख, आधी-नंतरचे फोटो आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला निवेदक हेसुद्धा दावेच आहेत. या पायरीला वेळ लागतो, पण अवघड असं तिच्यात काही नाही.

दुसरी पायरी: मूळ कागद उघडा आणि चार रकाने भरा

बातमी, दुसऱ्याचा व्हिडिओ किंवा एखाद्या संस्थेचं प्रसिद्धिपत्रक हा आधार धरू नका. त्यांच्यामागे जो मूळ अभ्यास किंवा अहवाल आहे तो उघडा आणि प्रत्येक दाव्यासमोर चार गोष्टी लिहा: कोणाबद्दल, कशाच्या तुलनेत, किती काळात, किती. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो दावा स्क्रिप्टमध्ये राहणार नाही. लेखक कितीही हट्ट करो, या बाबतीत मी तडजोड करत नाही. "किती" सगळ्यांना सापडतं, कारण तेच मथळ्यात असतं. "कोणाबद्दल" आणि "कशाच्या तुलनेत" हे रकाने बहुतेक वेळा कोरे येतात, आणि घोळ तिथेच झालेला असतो.

तिसरी पायरी: वाक्य पुराव्याच्या मापाचं करा

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. स्क्रिप्टमधलं वाक्य असं होतं: "जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं आहे की प्रक्रिया केलेलं मांस सिगारेटइतकंच घातक आहे, ते खाल्ल्यामुळे कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो."

लेखकाने यातलं काहीही मनाने रचलेलं नव्हतं. या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश पहिल्या गटात केला, आणि तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. १८ टक्के हा आकडाही त्यांचाच. तरीही वाक्य दोन ठिकाणी खोटं ठरतं.

पहिली जागा म्हणजे "इतकंच घातक". या संस्थेचे गट पुराव्याच्या खात्रीवरून ठरतात. अमुक गोष्टीने कर्करोग होतो याबद्दल शास्त्रज्ञांची किती खात्री आहे, हे गट सांगतो. ती गोष्ट किती लोकांना आजारी पाडते, हे त्यातून कळत नाही. दोन्ही गोष्टींबद्दल खात्री सारखी असू शकते आणि धोक्याच्या आकारात प्रचंड अंतर असू शकतं. तंबाखूच्या बाबतीत ते अंतर आहेच.

दुसरी जागा म्हणजे १८ टक्के. चार रकाने भरले की चित्र दिसतं: रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांबद्दल, न खाणाऱ्यांच्या तुलनेत, फक्त मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाबाबत, आणि वाढ सापेक्ष. "१८ टक्क्यांनी वाढतो" ऐकल्यावर प्रेक्षकाच्या मनात शंभरातल्या अठरा माणसांचं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात ब्रिटनसारख्या देशात हा कर्करोग आयुष्यभरात साधारण १०० पैकी ६ जणांना होतो. ६ च्या १८ टक्के म्हणजे जेमतेम १. म्हणजे रोज ५० ग्रॅम खाणाऱ्या १०० जणांमध्ये सुमारे ७.

वाक्य शेवटी असं झालं: "प्रक्रिया केलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे. धोका किती? ब्रिटनमधल्या आकड्यांवरून पाहिलं तर एरवी आयुष्यभरात शंभरात सहा जणांना हा कर्करोग होतो. रोज पन्नास ग्रॅम खाणाऱ्यांत शंभरात सात जणांना." वाक्य लांबलं आणि त्यातला दणका गेला, हे लेखकाचं म्हणणं खरं होतं. पण हे ऐकून प्रेक्षक स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. आधीच्या वाक्यात ती सोय नव्हती.

सापेक्ष आकडा एकटा सोडल्याने किती नुकसान होतं, ते १९९५ साली ब्रिटनमध्ये दिसलं. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका "दुप्पट" होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने दिला. मूळ आकडे होते सात हजार स्त्रियांमध्ये एक आणि सात हजारांत दोन. "दुप्पट" या एका शब्दाने घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. त्यात गरोदरपणातला गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिक असतो. म्हणून माझा नियम पक्का आहे: "दुप्पट", "निम्मा", "इतक्या टक्क्यांनी" असे शब्द आले की त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात "कितीवरून किती" आलंच पाहिजे.

पैशांच्या स्क्रिप्टमध्ये हाच नियम वेगळ्या कारणासाठी लागतो. व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला, तर "२ टक्क्यांनी वाढला" असं एक जण लिहितो आणि "५० टक्क्यांनी वाढला" असं दुसरा. दोघांचा हिशेब आपापल्या जागी चालतो आणि ऐकणारा गोंधळतो. "४ वरून ६ टक्के" लिहिलं की वाद उरत नाही.

आता मराठीतल्या काही शब्दांबद्दल, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडणार नाही. सर्वांत जास्त खोडावं लागतं ते "मुळे". एखाद्या अभ्यासात कमी झोपणाऱ्या लोकांचं वजन जास्त आढळलं, तर तिथे दोन गोष्टी एकत्र दिसल्या, इतकंच सिद्ध झालं. "कमी झोपेमुळे वजन वाढतं" असं लिहिलं की आपण कारण ठरवून मोकळे होतो. लोकांचं नुसतं निरीक्षण केलेला अभ्यास असेल, तर "कमी झोपणाऱ्यांमध्ये वजन जास्त आढळलं" इथेच थांबा. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून प्रयोग केला असेल आणि फरक दिसला असेल, तेव्हा "मुळे" चालतं.

दुसरा शब्द "शकतो". "हा आजार बरा होऊ शकतो" असं लिहून आपण सावधगिरी बाळगली, असं लेखकांना वाटतं. ऐकणाऱ्याच्या कानात "बरा होतो" एवढंच राहतं. "शकतो" वापरायचा असेल तर किती जणांमध्ये ते सोबत सांगा, नाहीतर वाक्य काढा. "३० टक्क्यांपर्यंत बचत" मधल्या "पर्यंत" चंही तसंच, कारण शून्यसुद्धा त्या "पर्यंत" मध्येच येतं. आणि "च" काढून टाका. "हाच उपाय", "फायदाच होतो", "नक्कीच" या प्रत्येक "च" ला स्वतंत्र पुरावा लागेल, आणि तो तुमच्याकडे नसतो.

चौथी पायरी: पडद्यावरचा मजकूर

मी सर्वांत जास्त अडखळले ती ही पायरी. तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बोललेलं वाक्य निर्दोष असूनही व्हिडिओ घातक ठरू शकतो, हे मला इथे कळलं.

काही वर्षांपूर्वी हृदयविकारावरच्या एका स्क्रिप्टमधलं एक वाक्य मी तीनदा तपासलं होतं: "ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांना डॉक्टर बहुधा रोज कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात, कारण तिच्यामुळे दुसरा झटका येण्याची शक्यता कमी होते." वाक्य बरोबर होतं, त्यातलं "मुळे" सुद्धा. मी मंजुरी दिली. पुढे एडिटरने त्या वाक्यावर मोठ्या अक्षरांत कार्ड टाकलं: "रोज अ‍ॅस्पिरिन = हृदयाचं संरक्षण". शेजारी हिरवी बरोबरची खूण. हे कार्ड मी पाहिलंच नव्हतं, कारण माझ्याकडे फक्त बोलायचा मजकूर आला होता.

तीन आठवड्यांनी एका प्रेक्षक बाईंचा संदेश आला. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला त्या कार्डाचा स्क्रीनशॉट पाहून आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आईला रोज अ‍ॅस्पिरिन सुरू केली होती. आईला हृदयाचा कुठलाही त्रास नव्हता, जुना अल्सर मात्र होता. काळी शौच होऊ लागल्यावर तिला दाखल करावं लागलं. आई बरी झाली. बाईंनी रागाने काहीही लिहिलं नव्हतं. "व्हिडिओत अल्सरबद्दल सांगितलं होतं का, माझ्या नजरेतून सुटलं का?" एवढंच विचारलं होतं. व्हिडिओत ते होतं, पाचव्या मिनिटाला, बोलण्यात. स्क्रीनशॉटमध्ये नव्हतं.

अ‍ॅस्पिरिन रक्त सहज गोठू देत नाही आणि जठराच्या अस्तराचं संरक्षणही कमी करते, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढतो. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत फायद्याचं पारडं सहसा जड असतं. कधीच झटका न आलेल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत ते तसं राहत नाही. म्हणजे इथे "कोणाबद्दल" हा एक रकाना गळला आणि त्याबरोबर सल्ला उलटा झाला.

त्यानंतर हे कार्ड दुरुस्त करायला मला चार प्रयत्न लागले. ते इथे देते, कारण पहिल्या दोन चुका जवळजवळ सगळेच करतात.

पहिल्या प्रयत्नात मी मूळ मजकूर तसाच ठेवून तारांकन लावलं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: "*डॉक्टरांचा सल्ला घ्या." हा सर्वांत वाईट उपाय आहे. मोठी ओळ लगेच वाचली जाते, बारीक ओळ वाचली जात नाही. आणि "डॉक्टरांचा सल्ला घ्या" यातून कोणी काय टाळायचं ते कळतच नाही. ते वाक्य कुठल्याही व्हिडिओखाली बसतं, म्हणून प्रेक्षकाचा डोळा त्यावरून घसरतो.

दुसऱ्या प्रयत्नात लिहिलं: "अ‍ॅस्पिरिनने हृदयाचं संरक्षण होऊ शकतं (काही रुग्णांमध्ये)". अट आली, पण कंसात आणि शेवटी. "काही" म्हणजे कोण? आपण त्या "काहीं" मध्ये आहोत असंच प्रत्येकाला वाटतं.

तिसऱ्या प्रयत्नात अट पुढे आणली: "झटका येऊन गेलेल्यांसाठी: दुसरा झटका टाळायला रोज अ‍ॅस्पिरिन". इथे मराठीची मोठी सोय आहे. "येऊन गेलेल्यांसाठी", "गरोदर स्त्रियांनी", "कर्ज असलेल्यांनी" अशी अट आपण वाक्याच्या तोंडाशी अगदी सहज ठेवू शकतो. वाचणारा पहिल्या दोन शब्दांतच ठरवतो की हे माझ्याबद्दल आहे की नाही. म्हणून माझ्या प्रत्येक कार्डाची सुरुवात "कोणासाठी" ने होते.

तरी हे कार्ड अपुरं होतं. ज्यांना झटका आलेला नाही, ते "आपण आधीच काळजी घेऊ" म्हणून गोळी सुरू करणार नाहीत, याची खात्री त्यात नव्हती. चौथ्या प्रयत्नात दोन ओळी झाल्या, दोन्ही एकाच आकाराच्या:

"झटका येऊन गेलेल्यांना: डॉक्टर रोज अ‍ॅस्पिरिन देऊ शकतात.
इतरांनी स्वतःहून सुरू करू नये: पोटात रक्तस्राव होऊ शकतो."

इथला "शकतो" मी विचारपूर्वक ठेवला आहे. फायदा सांगताना "शकतो" आशा फुगवतो. धोका सांगताना तो सावध करतो, आणि प्रमाण आपण बोलण्यात सांगतो. या कार्डानंतर लगेच तिसरी ओळ स्वतंत्र कार्डावर दिली: "डॉक्टरांनी दिली असेल तर व्हिडिओ पाहून बंद करू नका." ती नसती, तर रक्तस्रावाचं वाचून ज्याला गोळी खरोखर हवी आहे तो ती थांबवण्याची भीती होती. औषधावरच्या प्रत्येक कार्डाला मी दोन्ही बाजूंनी तपासते: हे वाचून कोण चुकीने सुरू करेल, आणि कोण चुकीने बंद करेल?

या चार प्रयत्नांतून काही सवयी पक्क्या झाल्या. कार्ड एकटं उभं राहिलं पाहिजे, आवाज बंद करून आणि मागचं-पुढचं काही न पाहता, कारण लोक तसंच पाहतात आणि तसंच पुढे पाठवतात. अट आणि दावा एकाच कार्डावर, एकाच आकारात, एकाच वेळी दिसले पाहिजेत. अट दोन सेकंदांनी खालून सरकत आणू नका. स्क्रीनशॉट त्या दोन सेकंदांतच निघतो. बरोबर-चूकच्या खुणा, बाण, "=" हे चिन्ह मी आरोग्य आणि पैशांच्या कार्डांवर वापरू देत नाही. त्या चिन्हांत अट मावत नाही.

कार्ड किती वेळ ठेवायचं, याला माझं माप सोपं आहे. मजकूर मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचा. तेवढा वेळ तो पडद्यावर राहिला पाहिजे. जोडाक्षरं आणि आकडे वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षरं मोजून वेळ ठरवण्यापेक्षा हे माप जास्त खरं ठरतं. त्याच वेळी निवेदक दुसरंच काही बोलत असेल, तर डोळा आणि कान एकमेकांना मारतात आणि दोन्ही वाया जातं. कार्डावर अट असेल तेव्हा निवेदकाने तीच अट, जमेल तितकी त्याच शब्दांत, बोलावी. आणि मजकूर पडद्याच्या अगदी तळाशी नको. तिथे सबटायटल आणि प्लेअरची बटणं येतात, आणि जी ओळ झाकली जाते ती हमखास अटीची असते.

आलेख हाही पडद्यावरचा मजकूर आहे

पैशांच्या व्हिडिओत कार्डाची जागा आलेख घेतो, आणि त्यात खोटं बोलायला एकही खोटा आकडा लागत नाही. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक घ्या. ऑक्टोबर २००७ मध्ये तो सुमारे १५६५ वर होता. मार्च २००९ मध्ये तो ६७७ च्या आसपास घसरला. मार्च २०१३ च्या अखेरीस तो पुन्हा १५६९ वर आला.

आता आलेख मार्च २००९ पासून सुरू करा आणि कार्डावर लिहा: "४ वर्षांत दुपटीहून अधिक". खरं आहे. तोच आलेख ऑक्टोबर २००७ पासून सुरू करा: "साडेपाच वर्षांत जवळजवळ शून्य वाढ". लाभांश सोडला तर हेही खरं आहे. शेवटची तारीख एकच, निर्देशांकही एकच. फरक फक्त डाव्या टोकाचा आहे, आणि ते टोक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने निवडलेलं असतं.

म्हणून आलेख आला की मी तीन प्रश्न विचारते. सुरुवातीची तारीख कोणी आणि का निवडली? ती दोन वर्षं मागे नेली तर कार्डावरचं वाक्य टिकतं का? मधली सर्वांत मोठी घसरण दिसते का? "मागील कामगिरी भविष्यातील परताव्याची हमी नाही" ही ओळ टाकायला माझी हरकत नाही, आणि नियामकाने शब्द ठरवून दिले असतील तर ते जसेच्या तसे टाकायलाच हवेत. पण ती ओळ ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे. "या काळात गुंतवणूक एका टप्प्यावर निम्म्याहून कमी झाली होती" हे वाक्य ऐकून प्रेक्षक स्वतःला विचारतो की तेव्हा मी टिकलो असतो का. वरच्या उदाहरणात १५६५ ची ६७७ झाली होती, म्हणजे हे वाक्य तिथे शब्दशः लागू आहे. आलेखावर त्या तळाच्या बिंदूशेजारीच ते लिहा.

पाचवी पायरी: आता डिस्क्लेमर

इथपर्यंत आलात तर डिस्क्लेमरचं बहुतेक काम आधीच झालेलं असतं. उरतात त्या तीन गोष्टी: हा व्हिडिओ कोणासाठी नाही, यात कोणाचा पैसा आहे, आणि माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे.

पहिली गोष्ट दाव्याच्या आधी सांगा आणि नेमकी सांगा. "हा व्हिडिओ केवळ माहितीसाठी आहे" याऐवजी "रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल, गरोदर असाल किंवा पोटात अल्सर असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका." ज्याला लागू आहे तो स्वतःला ओळखतो. जीवघेण्या लक्षणांबद्दलचा व्हिडिओ असेल तर पहिलं कार्ड हेच: "आत्ता छातीत दुखत असेल तर व्हिडिओ थांबवा आणि तातडीची मदत बोलवा." बाकी सगळं नंतर.

पैशाचं सांगताना आडवळण घेऊ नका. "अमुकच्या सहकार्याने" यातून काही कळत नाही. "या व्हिडिओसाठी आम्ही या कंपनीकडून पैसे घेतले आहेत" हे उत्पादनाचं नाव पहिल्यांदा येतं तिथेच, बोलून आणि लिहून, दोन्ही. निवेदकाने स्वतः त्यात गुंतवणूक केली असेल तर तेही. फक्त वर्णनात, "आणखी दाखवा" च्या आड लिहिलेलं मी सांगितलेलं धरत नाही.

सहावी पायरी: तिऱ्हाइताला दाखवा

स्क्रिप्टशी संबंध नसलेल्या माणसाला फक्त कार्डं दाखवा, आवाज न देता. "समजलं का?" विचारू नका; सगळे हो म्हणतात. विचारा: "यात कोणाला काय करायला सांगितलंय?" उत्तरात "कोणाला" आलं नाही, तर कार्ड परत लिहायचं. अ‍ॅस्पिरिनचं चौथं कार्ड तीन जणांना दाखवलं तेव्हा तिघांनीही पहिला शब्द "झटका आलेल्यांना" असाच उच्चारला. मग मी ते पुढे जाऊ दिलं.

प्रकाशनानंतर

चार रकान्यांचा तक्ता फेकू नका. प्रत्येक दाव्यासमोर तपासल्याची तारीख लिहून तो जपून ठेवा, कारण खरं विधानही जुनं होतं. अ‍ॅस्पिरिनचंच बघा. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१६ साली पन्नाशीतल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या आणि रक्तस्रावाचा धोका जास्त नसलेल्या लोकांना झटका येण्याआधीही कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन सुचवली होती. २०२२ साली त्यांनी ती शिफारस बदलली: ४० ते ५९ वयोगटातल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्यांसाठी ती डॉक्टरांशी बोलून घ्यायचा वैयक्तिक निर्णय ठरवली, आणि ६० किंवा त्याहून जास्त वयाच्यांनी पहिला झटका टाळण्यासाठी म्हणून ती नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. २०१६ च्या आधारावर नीट तपासून केलेलं कार्ड सहा वर्षांत मागे पडलं.

असं झालं की फक्त वर्णनात दुरुस्ती लिहून भागत नाही. चूक कार्डावर असेल तर दुरुस्तीही कार्डावर हवी: तो भाग कापा, नवं कार्ड लावून पुन्हा चढवा, आणि वर ठेवलेल्या पहिल्या टिप्पणीत जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी शेजारी लिहा. जुना स्क्रीनशॉट फिरतच राहतो. तो कोणी पाठवला तर लगेच उत्तरादाखल पाठवता यावं, म्हणून दुरुस्त कार्डाचं चित्रही वेगळं काढून ठेवा. त्या आईच्या लेकीला मी तेच पाठवलं होतं, आणि त्यांनी ते त्याच ग्रुपवर टाकलं.